धरणाची मान

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोरे हादरले. धक्का उंब्रज, कराड, साताऱ्यात बसलाच, पण तो पुण्या-मुंबईपर्यंतही जाणवला. कोयनानगरातली बहुतेक घरे जमीनदोस्त झाली आणि सुमारे १८० माणसे दगावली. भूकंपाच्या केंद्राजवळच १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे होते आणि त्यामागे जलाशय चांगलाच भरलेला होता. धरण टिकले. मात्र तपासणीत सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच ठोकळ्यांवर आडव्या भेगा सापडल्या. त्या पाण्याकडच्या अंगाला होत्या, तशाच मागच्या अंगालाही, आणि काही ठिकाणी मागच्या बाजूने पाणी पाझरत होते.

या भेगा कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. पायापासून साधारण ६६ मीटर उंचीवर, म्हणजे माथ्याच्या ३७ मीटर खाली, त्या एका पट्ट्यात आल्या होत्या. धरणाचा उभा छेद पाहिला तर तिथेच त्याची मान आहे. पायाशी भिंत ७० मीटर रुंद आहे. मागची बाजू तिरकी चढत जाते आणि मानेशी रुंदी जेमतेम १९ मीटर उरते. तिथून पुढे मागची बाजू एकदम जवळजवळ उभी होते आणि माथ्याशी रुंदी १५ मीटरच्या आसपास राहते. छेद असा का झाला, यालाही कारण आहे. धरण दोन टप्प्यांत बांधायचे ठरले होते. काम चालू असतानाच ते एकाच टप्प्यात पूर्ण उंचीला न्यायचा निर्णय झाला, आणि रुंद अंगावर अरुंद डोके असा थोडा वेगळा आकार उभा राहिला.

धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणलेखकाने त्या पहाटेची हालचाल टिपली. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचे सर्वाधिक त्वरण 0.63 g निघाले, आडव्या म्हणजे प्रवाहाच्या दिशेने 0.49 g आणि उभ्या दिशेने 0.34 g. इथे g म्हणजे गुरुत्वत्वरण. संकल्पनाच्या वेळी भूकंपासाठी धरलेला गुणांक होता 0.05, आणि तो पायापासून माथ्यापर्यंत सारखाच. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका आडवा जोर येईल, असा हिशेब होता. त्या हिशेबात मानेपाशी ताण येतच नव्हता.

जमीन अपेक्षेच्या दहापट हलली, म्हणून भेगा पडल्या, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. ते भेगा का पडल्या हे सांगते, त्या मानेलाच का पडल्या हे सांगत नाही. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये या धरणाच्या हालचालीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा रोख याच दुसऱ्या प्रश्नावर होता. त्यांनी धरणाचे शेकडो बारीक तुकडे करून संगणकावर गणित सोडवले. त्या गणिताचा गाभा मात्र दोन वजने आणि दोन स्प्रिंगा घेऊन कागदावर मांडता येतो. या प्रकरणात तेच करू.

भिंतीची दोन वजने

भिंतीची एक मीटर जाडीची चकती कापली, असे समजू. मानेखालच्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे ३,००० चौरस मीटर भरते आणि मानेवरच्या डोक्याचे ६२० चौरस मीटर. काँक्रीटचे वजन घनमीटरला २.६४ टन धरले, तर खालचे अंग ७,९०० टनांच्या आसपास आणि डोके १,६०० टनांच्या आसपास. प्रमाण जवळजवळ ५ : १. आपण वजनाचे एकक असे निवडू की डोके १ आणि अंग ५.

अंग पायथ्याच्या खडकाला एका स्प्रिंगने जोडलेले आहे आणि डोके अंगाला दुसऱ्या स्प्रिंगने. स्प्रिंगची ताठरता म्हणजे तिला एक एकक ताणायला लागणारा जोर. मानेच्या स्प्रिंगची ताठरता १ धरू. पायाची स्प्रिंग रुंद अंगामुळे पुष्कळ ताठ असणार. तिला ८ धरू. हा आठचा आकडा हाताने गणित सुटावे म्हणून घेतला आहे. खऱ्या धरणाला तो कितपत लागू पडतो, ते पुढे तपासू.

अंगाची आडवी सरक x₁ आणि डोक्याची x₂. पायाची स्प्रिंग अंगाला 8x₁ इतक्या जोराने मागे खेचते. मानेची स्प्रिंग दोघांमधल्या फरकाइतकी ताणली जाते, म्हणून ती डोक्याला x₂ − x₁ इतक्या जोराने मागे ओढते आणि अंगाला तेवढ्याच जोराने पुढे. वजन गुणिले त्वरण म्हणजे जोर, हा न्यूटनचा नियम दोघांना लावला की दोन समीकरणे मिळतात:

```
5 x₁'' = −9 x₁ + x₂
1 x₂'' =    x₁ − x₂
```

प्रत्येक समीकरणात दुसऱ्याची सरक घुसलेली आहे, म्हणून एकेक सुटे सोडवता येत नाही. डोके कसे हलेल ते अंगावर अवलंबून आणि अंग कसे हलेल ते डोक्यावर. या गुंत्यातून वाट निघते ती एका प्रश्नाने: भिंत अशी हलू शकते का, की दोन्ही वजने एकाच तालात झुलतील, एकाच क्षणी टोकाला जातील, एकाच क्षणी मधून जातील, आणि त्यांच्या सरकेचे प्रमाण कधीच बदलणार नाही? अशा झुलण्याला मोड म्हणतात.

ω या कोनीय वारंवारतेने झुलणाऱ्या वस्तूचे त्वरण तिच्या सरकेच्या ω² पट आणि उलट दिशेला असते. ते वरच्या समीकरणांत घातले की काळ निघून जातो आणि उरते फक्त आकाराचे गणित:

```
K x = ω² M x

K = | 9  −1 |      M = | 5  0 |
    | −1  1 |          | 0  1 |
```

K हा ताठरतेचा मॅट्रिक्स, M वजनांचा. शाळा-कॉलेजात आयगेनमूल्याचा जो साधा प्रश्न भेटतो, त्यात उजवीकडे नुसता x असतो: मॅट्रिक्सने गुणल्यावर जी दिशा बदलत नाही ती शोधायची. इथे उजवीकडे M ठाण मांडून बसला आहे. मॅट्रिक्सच्या या जोडीच्या प्रश्नाला व्यापक आयगेनमूल्य प्रश्न म्हणतात. त्याचा भौतिक अर्थ असा: स्प्रिंगांनी ओढलेला जोर प्रत्येक वजनाला त्याच्या वाट्याचे त्वरण देण्याइतकाच भरला पाहिजे, आणि तोही दोन्ही ठिकाणी एकाच ω² साठी. बहुतेक सरकांना हे जमत नाही. ज्यांना जमते त्या मोड.

गणित सोडवले

ω² ला λ म्हणू. (K − λM)x = 0 या समीकरणाला शून्याखेरीज उत्तर हवे असेल तर त्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य हवा:

```
(9 − 5λ)(1 − λ) − 1 = 0
5λ² − 14λ + 8 = 0
λ = 0.8   किंवा   λ = 2
```

आता आकार. दुसऱ्या समीकरणातून x₁ = (1 − λ)x₂. λ = 0.8 घातले की x₁ हा x₂ चा पाचवा हिस्सा निघतो. म्हणजे पहिल्या मोडमध्ये अंग १ सरकते तेव्हा डोके त्याच दिशेला ५ सरकते. λ = 2 घातले की x₁ = −x₂, म्हणजे दुसऱ्या मोडमध्ये अंग एका बाजूला आणि डोके तितकेच दुसऱ्या बाजूला.

```
पहिला मोड :  (1, 5)     λ = 0.8
दुसरा मोड :  (1, −1)    λ = 2
```

यातला पहिला मोड महत्त्वाचा. 0.05 चा सारखा गुणांक वापरताना असे गृहीत धरले होते की सगळी भिंत एकच सरक घेते, म्हणजे तिचा आकार (1, 1) असतो. पण (1, 1) हा या भिंतीचा मोडच नाही. K ने गुणून पाहा: स्प्रिंगांचा जोर (8, 0) येतो. मानेची स्प्रिंग ताणलेलीच नाही, म्हणून डोक्यावर जोर शून्य आहे, आणि जोर नसताना डोके अंगाबरोबर मागे-पुढे जाणार नाही. भिंतीला एकसंध सरकत ठेवायचे असेल तर कोणी तरी डोके हाताने धरून हलवावे लागेल.

काटकोन, पण वजनाच्या हिशेबाने

साध्या आयगेनमूल्य प्रश्नात, मॅट्रिक्स सममित असेल तर त्याच्या आयगेनदिशा एकमेकींशी काटकोनात असतात. आपल्या दोन दिशांचा साधा गुणाकार करून पाहिला: 1×1 + 5×(−1) = −4. शून्य नाही. काटकोन हुकला असे वाटते. पण प्रत्येक पदाला त्या ठिकाणच्या वजनाने गुणले तर 5×1×1 + 1×5×(−1) = 0. व्यापक प्रश्नात काटकोन असतो, फक्त तो वजनाच्या मापाने मोजावा लागतो.

या गुणधर्माचा उपयोग मोठा आहे. भिंतीची कोणतीही हालचाल पहिल्या मोडचा काही अंश आणि दुसऱ्याचा काही अंश अशी फोडता येते, आणि फोडल्यावर दोन्ही अंश एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पहिला मोड ऊर्जा दुसऱ्याला देत नाही, घेतही नाही. गुंतलेली दोन समीकरणे सुटी होऊन प्रत्येक मोड एका वजनाच्या, एका स्प्रिंगच्या साध्या झोक्यासारखा सोडवता येतो. शेकडो तुकड्यांच्या धरणातही हेच घडते. म्हणून अभियंते आधी मोड काढतात आणि भूकंप नंतर आणतात.

भूकंप आणू

जमीन आडवी हलते तेव्हा जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला असे दिसते की प्रत्येक वजनावर त्याच्या वजनाच्या प्रमाणात जोर येतो आहे. म्हणजे हलवणारा आकार (1, 1) असतो. प्रश्न इतकाच की (1, 1) मध्ये पहिल्या मोडचा वाटा किती आणि दुसऱ्याचा किती. वजनाच्या मापाने काटकोन असल्यामुळे हा वाटा थेट काढता येतो. वर मोडची वजनासहित बेरीज, खाली त्याच्या वर्गांची वजनासहित बेरीज:

```
पहिला :  (5×1 + 1×5) / (5×1 + 1×25) = 10/30 = 1/3
दुसरा  :  (5×1 − 1×1) / (5×1 + 1×1)  =  4/6  = 2/3

पडताळा :  1/3 (1, 5) + 2/3 (1, −1) = (1, 1)
```

आता समजा भूकंप दोन्ही मोडना सारखीच उसळी देतो आणि एकट्या झोक्याचे सर्वाधिक त्वरण A इतके येते. पहिल्या मोडमुळे डोक्याचे त्वरण A च्या 5/3 पट, दुसऱ्यामुळे 2/3 पट. दोन्ही एकाच क्षणी टोकाला जात नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायची रीत आहे. उत्तर येते सुमारे 1.8 A. डोक्याचे वजन १ असल्यामुळे मानेवरचा जोरही 1.8 A.

पायाशी काय होते? पहिल्या मोडमध्ये दोन्ही वजने एका दिशेला ओढतात: 5/3 + 5/3 = 10/3. दुसऱ्यात ती एकमेकांविरुद्ध ओढतात: 10/3 − 2/3 = 8/3. वर्गमूळाच्या रीतीने पायावरचा जोर येतो 4.3 A.

हे आकडे जुन्या रीतीच्या आकड्यांशेजारी ठेवा. सगळ्या भिंतीला सारखेच A त्वरण दिले असते तर मानेवर 1 × A आणि पायावर 6 × A आले असते. म्हणजे एकसारख्या गुणांकाने पायाचा जोर जास्त धरला आणि मानेचा कमी. गुणांक 0.05 ऐवजी कितीही मोठा घेतला असता, तरी मान आणि पाया यांतले हे प्रमाण चुकीचेच राहिले असते. त्यात वाकण्याने येणारा ताण रुंदीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वाढतो आणि मान पायाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त रुंद आहे. शिवाय मागच्या अंगाचा उतार तिथेच मोडतो, आणि अशा कोपऱ्यात ताण साठतो. काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चे. भेग मानेलाच पडणार, हे या हिशेबातून दिसते.

खऱ्या धरणाशी ताळा

आता आठच्या आकड्याकडे वळू. कोयनेच्या छेदावर संगणकाचे सविस्तर गणित इतक्यांदा झाले आहे की काँक्रीट धरणांच्या अभ्यासात तो एक ठरलेला परीक्षा-प्रश्नच झाला आहे. पाणी बाजूला ठेवून आणि पाया अढळ धरून पहिल्या दोन मोडच्या वारंवारता सेकंदाला सुमारे ३ आणि ८ आवर्तने येतात. त्यांचे गुणोत्तर 2.65. आपल्या नमुन्यात गुणोत्तर √(2 / 0.8) म्हणजे 1.58 आले. नमुन्यातला पाया खऱ्यापेक्षा मऊ आहे, हे यावरून कळते.

वजने तीच ठेवून पायाची स्प्रिंग ८ ऐवजी ३३ केली की λ ची उत्तरे 0.966 आणि 6.83 येतात आणि गुणोत्तर 2.66 होते, म्हणजे ताळा जमतो. आकार मात्र बराच बदलतो. पहिल्या मोडमध्ये आता डोके अंगाच्या जवळजवळ २९ पट सरकते. अंग स्वस्थ आणि डोके एकटे झुलते, असे चित्र होते. मानेवरचा जोर 1.8 A वरून 1.2 A च्या आसपास उतरतो आणि पायावरचा 4.8 A होतो. अंतर आटले, पण दिशा तीच राहिली: मानेला एकाहून जास्त, पायाला सहाहून कमी. दोन वजनांच्या नमुन्याची मर्यादाही इथेच दिसते. त्यात डोके हा एकच गोळा आहे, म्हणून डोक्याच्या आत माथा मानेपेक्षा किती जास्त झुलतो हे त्याला सांगता येत नाही. खऱ्या भिंतीत माथ्याचा झोका सर्वांत मोठा असतो आणि माथ्यावरचा जोर मानेला लांब टेकूने वाकवतो. त्यासाठी आणखी तुकडे करावे लागतात. समीकरण तेच राहते, K आणि M मोठे होतात.

संगणकावर, आणि तिथली एक चूक

पायथॉनमध्ये आपला नमुना सोडवायला इतकेच लागते:

```python
import numpy as np
from scipy.linalg import eigh

K = np.array([[9., -1.], [-1., 1.]])
M = np.diag([5., 1.])

w2, X = eigh(K, M)
print(w2)            # 0.8 आणि 2
print(X.T @ M @ X)   # एकक मॅट्रिक्स
```

`eigh` ला K आणि M दोन्ही दिले की ते व्यापक प्रश्नच सोडवते. मोड असे मापून देते की वजनासहित वर्गांची बेरीज 1 यावी. म्हणून (1, 5) ऐवजी (0.183, 0.913) दिसेल, कदाचित दोन्ही उणे चिन्हांसह. प्रमाण तेच आहे, म्हणजे मोड तोच आहे.

नवशिक्यांची नेहमीची वाट वेगळी असते. दोन मॅट्रिक्स कशाला, M ने भागून एकच करू, असे म्हणून ते `inv(M) @ K` काढतात आणि तो `eigh` ला देतात. त्या मॅट्रिक्समध्ये वरच्या कोपऱ्यात −0.2 आणि खालच्या कोपऱ्यात −1 येतो. तो सममित राहिलेला नसतो. `eigh` सममित मॅट्रिक्ससाठी आहे. ते फक्त खालचा अर्धा भाग वाचते, वरही −1 आहे असे समजते आणि काहीही कुरकुर न करता उत्तर देते: 0.32 आणि 2.48. दोन्ही चूक. फसवे म्हणजे दोघांची बेरीज 2.8 येते आणि खऱ्या उत्तरांची बेरीजही 2.8 आहे. गुणाकार मात्र पकडून देतो: खरा 1.6, चुकलेला 0.8. याहून खात्रीची तपासणी म्हणजे आलेला मोड घेऊन `K @ x` आणि `w2 * (M @ x)` शेजारी छापणे. ते जुळले नाहीत तर तो मोड नाही.

M ने भागायचेच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखे भागावे लागते. प्रत्येक सरकेला वजनाच्या वर्गमूळाने गुणून नवा चल घेतला की मॅट्रिक्सच्या दोन्ही कोपऱ्यांत −1/√5 येतो, सममिती टिकते आणि उत्तरे पुन्हा 0.8 आणि 2 निघतात. `eigh(K, M)` आतमध्ये याच जातीचे काम करते.

हाताने पडताळायची एक जुनी रीत लॉर्ड रेले यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या मोडचा आकार अंदाजाने धरायचा, त्या आकारात स्प्रिंगांच्या ऊर्जेची दुप्पट काढायची आणि सरकांच्या वर्गांच्या वजनासहित बेरजेने भागायची. (1, 4) धरले तर वर 9 − 8 + 16 = 17, खाली 5 + 16 = 21, आणि भागाकार 0.81. खरे उत्तर 0.8. आकाराचा अंदाज पाचाऐवजी चार असा चुकला, तरी वारंवारतेचा वर्ग एक-सव्वा टक्काच चुकला. शिवाय हा भागाकार पहिल्या λ च्या खाली कधीच जात नाही, त्यामुळे चूक कोणत्या बाजूला आहे हेही ठाऊक असते.

पाणी, भेग आणि आधार

M हा नुसता काँक्रीटचा नसतो. भिंत पुढे-मागे होते तेव्हा तिला टेकलेले पाणीही ढकलावे लागते, म्हणजे भिंतीला जणू जास्तीचे वजन चिकटते. हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये या जोडवजनाचे सूत्र दिले. कोयनेच्या गणितात पाण्याची खोली साधारण ९२ मीटर धरतात. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की K तसाच राहतो, M वाढतो आणि वारंवारता उतरतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की त्या पुन्हा चढतात. काटेकोर गणितात पाण्याचे वजन एका जागी थांबत नाही. अंग हलले तर त्याचा दाब डोक्याजवळही जाणवतो, म्हणून M च्या कोपऱ्यांतही शून्याऐवजी आकडे येतात. अशा वेळी M ने नुसते भागून सुटका होत नाही, व्यापक प्रश्नच सोडवावा लागतो.

या सगळ्या गणिताला एक हद्द आहे. K बदलत नाही, असे त्यात गृहीत आहे. मानेला भेग पडली त्या क्षणी मानेची स्प्रिंग मऊ झाली, आणि भेग उघडताना एक ताठरता, मिटताना दुसरी, असे चालू झाले. तिथून पुढे स्थिर मोड उरत नाहीत. मोडचे गणित भेग कुठे सुरू होईल ते सांगते. ती आत किती जाईल आणि डोके टिकेल की नाही, यासाठी हालचाल क्षणाक्षणाने मोजावी लागते.

भूकंपानंतर भेगा बुजवण्यात आल्या आणि पुढे या उंच ठोकळ्यांना मागच्या अंगाने काँक्रीटचे आधारखांब, म्हणजे बट्रेस, जोडण्यात आले. आपल्या आठच्या नमुन्यात त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. मानेची स्प्रिंग १ ऐवजी २ केली की λ ची उत्तरे 1.11 आणि 2.89 होतात. डोक्याची सरक अंगाच्या पाचपटीऐवजी सव्वादोनपट राहते. मग मानेवरचा जोरही तसाच उतरत असेल, असे कोणालाही वाटेल. पण हिशेब केला तर तो 1.8 A वरून 1.73 A वर येतो, एवढेच. आधारखांब झोका आवरतात, जोर फारसा कमी करत नाहीत. त्यांचे खरे काम वेगळे आहे: तेवढाच जोर आता जास्त रुंद छेदावर पसरतो, आणि ताण रुंदीच्या वर्गाने उतरतो.

नियमावलीवरही या भूकंपाचा परिणाम झाला. १९७० च्या सुधारित IS 1893 मध्ये भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानलेला शून्य पट्टा रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. १९८४ च्या आवृत्तीत १०० मीटरपर्यंतच्या धरणांसाठी सारखा गुणांक ठेवलेला नाही. माथ्याशी मूळ गुणांकाच्या दीडपट आणि तिथून सरळ रेषेने उतरत पायाशी शून्य, असा त्रिकोण सांगितला आहे. हा त्रिकोण म्हणजे पहिल्या मोडचा ढोबळ आकार आहे, मोड न काढता वापरण्यासाठी. १०० मीटरच्या वरच्या धरणांना त्या आवृत्तीत ही सवलत नव्हती. तिथे कंपनाचे गणित प्रत्यक्ष करावे लागे. कोयनेची भिंत १०३ मीटर आहे, म्हणजे त्या नियमाने ती नव्याने बांधायची झाली असती तर K आणि M मांडल्याशिवाय तिचा आराखडा पुढे सरकला नसता.